गोराईचा गोठा : मृग ते चित्रा, जनावरांच्या आरोग्याचं वेळापत्रक

हे वेळापत्रक गोठ्याच्या दाराआड, दुधाच्या वहीशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत घालून टांगायचं. दादा, वहिनी, आई आणि गोठ्यातले काका, सगळ्यांसाठी आहे. दावणीला ३ म्हशी (चंद्री, गंगी, ठमी), संकरित गाय सोनी, २ पारडी आणि ११ शेळ्या आहेत. गंगी श्रावणात विणार आहे.

वाचताना एक ध्यानात ठेवा. खूर सडणं, जंत, गजकर्ण, गोचीड, कासेचा दाह ही पाच दुखणी वेगवेगळी दिसली तरी आपल्या गोठ्यात ती ओलीतूनच येतात. म्हणून रोजच्या कामात पहिला मान खराट्याला आणि चुन्याला, औषधाच्या बाटलीला नंतरचा.

मे अखेर, मृगाच्या आधी

सगळ्यात जास्त काम इथेच आहे. हे चुकलं तर जुलैत भरून काढता येत नाही.

लसी : घटसर्प आणि फऱ्याची लस म्हशी, सोनी आणि मोठ्या पारडीला. शेळ्यांना आंत्रविषाराची. लाळ्या-खुरकुताची फेरी सरकारी आहे आणि ती फुकट असते, कानातला बिल्ला बघून नोंद होते. लम्पीची लस झाली नसेल तर तीही विचारायची. गंगी गाभण आहे हे डॉक्टरांना आधी सांगायचं. कोणत्या लसी एका दिवशी चालतात आणि कोणत्यांत अंतर हवं, ते डॉक्टर ठरवतील, आपण नाही.

खूर : वाढलेले खूर आत्ताच कापून घ्या. लांब खुराच्या टाचेत चिखल अडकतो आणि सड तिथून सुरू होते. ठमीच्या मागच्या डाव्या पायाचा खूर दरवर्षी वाकतो, तिच्याकडे जास्त लक्ष.

जंत : म्हशींना आणि सोनीला वजन मोजून औषध. डोळ्यांनी अंदाज घ्यायचा नाही. कमी डोसात जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात. फीत घेऊन पुढच्या पायांमागे छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत वजन. चंद्रीचा घेर ७६ आणि लांबी ५८, म्हणजे साधारण ५०७ किलो. शेळ्यांना तराजूला टांगून. शेळीला वजनाच्या मानाने डोस गाईपेक्षा जास्त लागतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि नुकत्या गाभण राहिलेल्या जनावराला अल्बेंडाझोल द्यायचं नाही.

गोठा : पत्र्याच्या खिळ्यांवरचे वायसर तपासा, गळती बंद करा. भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवून वर चुना. गोचिडीची मादी रक्त पिऊन खाली पडते आणि अशाच भेगांत हजारांनी अंडी घालते, त्यामुळे भेग बुजवणं हे गोचिडीचंच औषध आहे. नालीचा उतार बादलीभर पाणी ओतून बघा. मिनिटभराने पाणी कुठे थांबलं असेल तर तिथे फरशी उचलून बसवायची. शेळ्यांच्या माचाणाच्या सुटलेल्या पट्ट्या ठोकून घ्या, नाहीतर पाय फटीत जातो.

कपाट : मोरचूद, झिंक सल्फेट, चुना, आयोडीन, पोटफुगीचं औषध, गोचिडीचं औषध, थर्मामीटर आणि गमबूट आत्ताच भरून ठेवा. वादळी दिवशी बोरिवलीची बोट बंद होते आणि भाईंदरकडून उत्तनमार्गे येणाऱ्याला वेळ लागतो. रात्री दोन वाजता औषध आणायला जाण्याची वेळ यायलाच नको. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर १९६२, तो दारावर खडूने मोठा लिहा.

जून : मृग आणि आर्द्रा

पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत भुकेल्या पोटी चारायचं नाही. आधी सुका पेंढा किंवा पावली, मग गवत. नाहीतर पातळ हगवण आणि पोटफुगी. डावी कूस ढोलासारखी वाजली तर जनावर उभं ठेवा आणि लगेच फोन करा.

शेळ्या सकाळी गवत ओलं असताना सोडायच्या नाहीत. लेंडीतल्या अंड्यांतून निघालेली जंताची पिल्लं ओल्या पात्यावर चढून बसतात. दहा-अकराला ऊन पडलं, पाती सुकली की मग सोडा. पाऊस थांबतच नसेल तर झाडपाला तोडून आणून उंच टांगा. शेळीला मान वर करून खायला आवडतं आणि त्या पाल्यावर जंतही नसतो. खाचरातल्या साचलेल्या पाण्याकडे कोणालाच नेऊ नका. तिथल्या गोगलगायींमुळे यकृतातले चपटे कृमी येतात.

रोज : सकाळी शेण काढून फरशी धुवायची असेल तर ऊन किंवा वारा असलेल्या वेळीच. नाहीतर कोरडंच खरवडून चुना पसरा. ओल्या फरशीवर आणखी पाणी ओतून ती स्वच्छ होत नाही.

जुलै : पुनर्वसू आणि पुष्य

हा महिना सर्वांत कठीण. इथे दिवसातून दोनदा फेरी मारायची.

*पाय.* मंगळवारी आणि शनिवारी म्हशींच्या खुरांना औषधाचं पाणी. १० लिटर पाण्यात अर्धा किलो मोरचूद. आधी पाय साध्या पाण्याने धुवा, कारण शेण मिसळलं की मोरचुदाचा जोर जातो. नंतर पाय कोरड्या जागी निथळू द्या, लगेच चिखलात नको. शेळ्यांसाठी वेगळं भांडं : १० लिटरला १ किलो झिंक सल्फेट, पाच मिनिटं उभं करायचं. मोरचुदाचं पाणी शेळीने प्यायलं तर विषबाधा होते, म्हणून ते भांडं शेळ्यांच्या वाटेत ठेवायचंच नाही. वापरलेलं पाणी खाडीत किंवा भातात ओतू नका, मासे मरतात.

लंगडणारं जनावर दिसलं की पाय उचलून दोन खुरांच्या मध्ये नाक नेऊन बघा. सडलेला वास आणि पांढरट कातडी असेल तर ती चिखल्या. पण तोंडातून लाळ, जिभेवर फोड आणि ताप असेल तर ती लाळ्या-खुरकूत असू शकते. त्या जनावराला वेगळं बांधून त्याच दिवशी डॉक्टर. त्या दिवशी दुधाची बरणी दुसऱ्याच्या गोठ्यात नेऊ नका.

*शेळ्यांचे डोळे.* दर पंधरवड्याला सगळ्या शेळ्यांची खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग बघायचा, दिवसाच्या उजेडात. लालभडक असेल तर ठीक. फिकट गुलाबी असेल तर नाव वहीत. पांढुरकी असेल, किंवा जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज असेल, तर रक्त पिणारा जंत झालाय, तिला त्याच दिवशी औषध. सगळ्या कळपाला एकदम पाजायचं नाही. चांगल्या शेळ्यांना विनाकारण औषध दिलं की औषधाला न मरणारे जंतच कळपात उरतात. आई ही तपासणी छान करतात, रंगाचा निवाडा त्यांचाच. पाजल्यानंतरही पापणीचा फिकेपणा तसाच राहिला तर लेंडीचा नमुना तपासायला पाठवू.

*कास.* दूध काढल्यावर सड आयोडीनमध्ये बुडवा आणि लगेच गव्हाणीत वैरण टाका, म्हणजे म्हैस अर्धा तास उभी राहील. सडाचं तोंड मिटायला तेवढा वेळ लागतो. लगेच बसली तर ओलीतले जंतू आत शिरतात. दुधाची पहिली धार काळ्या वाटीत बघा. गाठी दिसल्या तर ते दूध वेगळं काढून फेका.

*उधाण.* अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते आणि त्यातच जोराचा पाऊस आला तर खाडीचं पाणी आपल्या नालीतून उलटं येतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता. तसा दिवस पुन्हा आला तर कोणीही विचारत बसू नका. दावी कापून जनावरं वरच्या आमराईत न्या. कोयता दाराच्या उजव्या खुंटीला आहे, तो तिथून हलवायचा नाही.

*माणसं.* उंदराच्या मुतामुळे लेप्टो होतो, जनावरालाही आणि आपल्यालाही. गमबुटाशिवाय गोठ्यात जायचं नाही. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर ताप येण्याची वाट न बघता पालिकेच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सांगा. काका, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलंय.

ऑगस्ट : आश्लेषा आणि मघा

आता बुरशी. पेंडीची पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. सरकी किंवा शेंगदाण्याच्या पेंडीला हिरवट-काळी बुरशी दिसली, कुबट वास आला, तर ते पोतं खतातही नको, पुरून टाका. वाळवून किंवा उकडून विष जात नाही आणि ते दुधात उतरतं. ते दूध आपल्याच गिऱ्हाइकांची पोरं पितात. काळा पडलेला भाताचा पेंढाही म्हशीपुढे टाकू नका. त्याने शेपटीचं टोक आणि कान सुकून गळायला लागतात. या महिन्यात एकदम महिन्याची पेंड आणायची नाही, आठवड्याची आणायची. थोडी महाग पडते, तरी तसंच करायचं.

पारड्यांच्या डोळ्यांभोवती किंवा मानेवर गोल, राखाडी, खपलीचा डाग दिसला तर ते गजकर्ण. माणसालाही लागतं. पारडू उजेडाच्या खणात वेगळं, खरारा वेगळा, हात साबणाने. मुलांनी त्याला मिठी मारायची नाही.

गंगी व्याली की चीक तासाभरात पाजायचा, नाळेला आयोडीन. म्हशीच्या पारड्याला गोलकृमी आईच्या दुधातूनच येतात, म्हणून दहाव्या दिवशी जंताचं औषध, डॉक्टरांनी लिहून दिलेलं. तारीख व्यायल्याच्या दिवशीच वहीत टाका.

ताडपत्री पश्चिमेच्या बाजूलाच बांधा आणि वरचा हातभर भाग मोकळा ठेवा. दोन्हीकडून बंद केलं की मुताची वाफ आत कोंडते. खात्री करायची असेल तर गोठ्यात उकिडवं बसा. बसलेल्या म्हशीच्या नाकाइतक्या उंचीवर आपले डोळे चुरचुरले तर ताडपत्री वर घ्या.

सप्टेंबर : पूर्वा आणि उत्तरा

उघडीप पडली की गोचीड वाढते. गणपतीच्या गडबडीत इकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. शेपटीखाली, कासेभोवती, कानाच्या आत आणि मानेच्या घडीत बोटं फिरवा. फवारणी कोरड्या दिवशीच, अंग पूर्ण भिजेल अशी, आणि त्याच दिवशी गोठ्याच्या भिंती व खांबही. मात्रा बाटलीवर छापलेलीच, हातमोजे घालून, वाऱ्याच्या उलट दिशेला उभं न राहता. अंडी फुटून निघालेल्यांसाठी पंधरा दिवसांनी पुन्हा. फवारणीनंतर आणि जंताच्या औषधानंतर, बाटलीवर लिहिलेले दिवस दूध विकायचं नाही. त्या दिवसांची वजाबाकी मी हिशेबात धरली आहे, कोणी चिंता करू नये.

सोनीला रोज सकाळी थर्मामीटर. संकरित गाईला गोचिडीचा ताप लवकर गाठतो. १०३च्या वर गेला, खांद्यापुढची गाठ सुजली, किंवा लघवी कॉफीसारखी दिसली, तर संध्याकाळपर्यंतही थांबायचं नाही. म्हशी-गाई एकाएकी आखडल्या, लंगडल्या आणि ताप असला तर तिवा असू शकतो. तो बहुधा तीन दिवसांत उतरतो, पण जनावर कुशीवर पडून राहू देऊ नका, आणि आडवं असताना तोंडातून काही पाजू नका, फुप्फुसात जातं.

ऑक्टोबर : हस्त आणि चित्रा

जंताचा दुसरा डोस म्हशी आणि सोनीला, पुन्हा फीत लावून. खूर पुन्हा बघा. लाळ्या-खुरकुताची पुढची फेरी कधी आहे ते दवाखान्यात विचारा. रबरी गाद्या उचलून उलट्या करून दोन दिवस उन्हात टाका, खालची माती खरवडून चुना भरा. सुकं गवत हाताला थंड लागेपर्यंत माळ्यावर रचू नका, ओलं रचलं तर आतून तापतं आणि पुढच्या मेपर्यंत बुरशी धरतं. आणि वहीतून ज्या शेळ्यांची पापणी तीनदा पांढरी निघाली त्यांची नावं काढून मला द्या. त्यांची पिल्लं यंदा पैदाशीसाठी ठेवायची नाहीत.