मुदतवाढीसाठी अर्ज: पिंपळखुटा ते वडगाव रस्ता सुधारणा, कि.मी. ०/००० ते ३/२००

दि. २१ जुलै २०२५

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
बांधकाम विभाग
(मा. उपविभागीय अभियंता यांच्यामार्फत)

विषय: बी-१ करारातील कलम ६ अन्वये १०३ दिवसांची मुदतवाढ, विनादंड मिळणेबाबत.

महोदय,

या कामाचा कार्यारंभ आदेश दि. १२ नोव्हेंबर २०२४ चा असून मुदत ९ महिने, पावसाळ्यासह, म्हणजे ११ ऑगस्ट २०२५ पर्यंत आहे. खालील अडथळे विभागाकडील बाबींमुळे आले. प्रत्येक अडथळ्याचे पत्र तो आल्यापासून ३० दिवसांच्या आत दिलेले आहे आणि नोंदी हिंड्रन्स रजिस्टरमध्ये कनिष्ठ अभियंत्यांच्या सहीने आहेत.

पहिला अडथळा जागेचा. कि.मी. १/३५० ते १/७५० या ४०० मीटर लांबीत रस्त्याच्या हद्दीत तुरीचे उभे पीक आणि काटेरी कुंपण होते. शेतकऱ्यांनी हद्दीवर हरकत घेतली. आम्ही १८ नोव्हेंबरला पत्र दिले. मोजणी होऊन जागा ९ जानेवारी २०२५ रोजी ताब्यात मिळाली (रजिस्टर नोंद क्र. १). म्हणजे जागा एकूण ५८ दिवस अडली होती, पण आम्ही तेवढे दिवस मागत नाही. ०/००० ते १/३५० मधील मातीकाम १० डिसेंबरपर्यंत चालूच होते. त्यापुढे मात्र एक पोकलेन, दोन टिप्पर आणि रोलर उभे राहिले, कारण पलीकडे जायला दुसरी वाट नाही. वडगावकडून येताना नाला आडवा येतो आणि त्यावर अजून मोरीच नाही. ११ डिसेंबर ते ८ जानेवारी: २९ दिवस.

दुसरा आणि मुख्य अडथळा कि.मी. २/४८० वरील बॉक्स मोरीच्या नकाशाचा. मंजूर नकाशात १.५ मीटर खोलीवर कठीण मुरूम दाखवला होता. २० जानेवारीला खोदलेल्या चाचणी खड्ड्यात २.६ मीटरपर्यंत काळी मातीच लागली. ही माती ओलीने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर राफ्ट टाकली असती तर एका पावसाळ्यात भिंतींना तडे गेले असते. २१ जानेवारीला आम्ही लेखी कळवले. २३ जानेवारीला आपल्या उपविभागाने साइट ऑर्डर बुकमध्ये "सुधारित नकाशा येईपर्यंत पायाचे काम थांबवावे" असा आदेश लिहिला. सुधारित नकाशा ७ एप्रिल रोजी मिळाला. त्यात पाया ०.९ मीटर खाली नेला असून राफ्टखाली ६०० मिमी वाळूचा थर दिला आहे (नोंद क्र. ३). २३ जानेवारी ते ६ एप्रिल: ७४ दिवस. आमची १२ फेब्रुवारी आणि १० मार्चची स्मरणपत्रे सोबत आहेत.

२/१०० ते २/४०० मधील चार लघुदाब विद्युत खांब ३ मार्चला हलले (नोंद क्र. २). हा काळ नकाशाच्या ७४ दिवसांतच येतो, त्यामुळे त्याचे वेगळे दिवस धरलेले नाहीत. तसेच दुसऱ्या चालू देयकाचे मोजमाप २४ एप्रिलला झाले आणि रक्कम १४ जुलैला, ८१ दिवसांनी मिळाली. मधल्या काळात खाणमालकाने उधारीवर खडी देणे बंद केले. तरी मोरीचे काम आम्ही थांबू दिले नाही, म्हणून याचेही दिवस मागत नाही. व्याजाचा प्रश्न स्वतंत्र. २२ ते २७ एप्रिल मिक्सर बंद होता, ते सहा दिवस आमच्याच खात्यावर.

नकाशा वेळेवर मिळता तर मोरी मार्चअखेर उरकून मे महिन्यात डांबरीकरण झाले असते. प्रत्यक्षात मोरीचा वरचा स्लॅब ९ जूनला पडला आणि सेंटरिंग २४ जूनला काढले. त्यानंतर पाऊस. मोरीच्या दोन्ही बाजूंचा भराव ओल्या मातीत दाबता येत नाही आणि ओल्या पृष्ठभागावर डांबरी थर धरत नाही. पावसाचे दिवस आम्ही मागत नाही, मुदत पावसाळ्यासहच आहे. पण कोरड्या हंगामातले काम पावसात ढकलले गेले ते वरील कारणांनी. ऑक्टोबरमध्ये पोचमार्गाचा भराव, मग खडीचे थर आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत डांबरीकरण असे सुधारित वेळापत्रक जोडले आहे.

तरी २९ अधिक ७४, एकूण १०३ दिवस, म्हणजे १२ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर २०२५ अशी मुदतवाढ कलम २ खालील दंड न आकारता मंजूर करावी. निर्णय ११ ऑगस्टपूर्वी न झाल्यास कराराची मुदत निर्णयापर्यंत चालू असल्याचे लेखी कळवावे; नाहीतर पुढील देयके अडकतात, हे आपणास ठाऊक आहेच. सुरक्षा ठेवीच्या बँक हमीची मुदत आम्ही त्यानुसार वाढवून देऊ.

यंत्रसामग्री उभी राहिल्याचा खर्च आणि भाववाढ यांवरील हक्क आम्ही सोडलेला नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ५५ खालील सूचना म्हणून हा परिच्छेद वाचावा.

आपला विश्वासू,
नोंदणीकृत कंत्राटदार

सोबत: हिंड्रन्स रजिस्टर पान १ ते ४, साइट ऑर्डर बुकची प्रत, चाचणी खड्ड्याचे तारखेसह फोटो, आमची सर्व पत्रे पोचेसह, सुधारित वेळापत्रक.