पाटी, उष्टे आणि विटाळ: चोखामेळ्याच्या घरातील अभंगांचे सामाजिक वाचन

चौदाव्या शतकातला चोखामेळा हा मंगळवेढ्याचा महार. भक्त म्हणून त्याची थोरवी सगळेच गातात. पण तो गावात कोणते काम करत होता, हे बाजूला ठेवून त्याचे अभंग वाचले की अर्धा अर्थ हरवतो.

जोहार मायबाप जोहार । तुमच्या महाराचा मी महार ॥
बहु भुकेला जाहलो । तुमच्या उष्ट्यासाठी आलो ॥

शेवटच्या चरणात चोखा म्हणतो, ‘पाटी आणिली तुमच्या उष्ट्यासाठी’. ही पाटी गावगाड्यातली आहे. महाराकडे वेसीची राखण, सांगावे पोचवणे, मेलेली गुरे ओढणे ही कामे असत आणि मोबदल्यात बलुते व दारोदारच्या शिळ्या भाकरी मिळत. दारात उभे राहून जोहार घालणे हा त्या व्यवहाराचा ठरलेला रिवाज. चोखा तोच रिवाज उचलून विठ्ठलासमोर, संतांसमोर उभा राहतो. हे केवळ विनम्र भक्ताचे रूपक मानणे मला पटत नाही. ज्याचे पोट खरोखर उष्ट्यावर चालते, त्याच्या तोंडी हा चरण हक्काच्या मागणीसारखाही ऐकू येतो. पुढे पैठणच्या एकनाथांनी जोहाराची भारुडे रचली. तिथे महाराची भूमिका घेतलेली आहे. चोख्याला ती जन्माने मिळालेली होती.

चोख्याच्या नावावरचे सगळे अभंग मात्र एका सुरात बोलत नाहीत. एका अभंगात तो पूर्वजन्मी कृष्णनिंदा घडल्याने हा जन्म मिळाला असे सांगतो, म्हणजे कर्मविपाक मान्य करतो. त्याचा मुलगा कर्ममेळा ही समजूत मोडतो:

आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टे खाता । लाज न ये तुमचे चित्ता ॥

‘केली’ या क्रियापदातच आरोप आहे. याती आपोआप हीन झालेली नाही, ती कोणीतरी केली आहे, आणि लाज वाटायला हवी ती देवाला. बापाच्या पाटीतले उष्टे मुलाच्या अभंगात अपमान होऊन येते.

चोख्याची पत्नी सोयराबाई याहून खोल जाते. ‘विटाळावाचोनी उत्पत्तीचे स्थान । कोण देह निर्माण नाही जगी’ असे विचारताना जातीचा आणि बाईच्या देहाचा विटाळ ती एकत्र तपासते. सोवळे पाळणाराही त्याच वाटेने जन्मला, हा तिचा युक्तिवाद कोणत्याही शास्त्रार्थात टिकेल असा आहे.

परंपरेनुसार मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखा दगावला, तो 1338 साली. समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, म्हणजे मंदिराच्या बाहेर आहे. अस्पृश्यांना ते मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावे लागले. त्या सहा शतकांत चोख्याचे अभंग वारीत गायले जात होते, आणि त्याच्या जातीची माणसे त्या महाद्वाराच्या अलीकडेच उभी राहत होती.