सदोष मिक्सर बदलून न घेता त्याची रक्कम परत मिळण्याबाबत

दिनांक : 2 जून 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
घरगुती विद्युत उपकरणे विक्री दालन,
राजारामपुरी, कोल्हापूर.

विषय : दि. 8 मे 2025 रोजी खरेदी केलेल्या सदोष मिक्सरची किंमत परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या दालनातून मी वरील तारखेस 750 वॅटचा, तीन जारचा मिक्सर जीएसटीसह रु. 5,490 देऊन खरेदी केला. रक्कम यूपीआयने अदा केली असून पक्के बिल माझ्याकडे आहे.

पहिल्याच आठवड्यात मधल्या जारच्या तळातून वाटणाचे पाणी गळू लागले. पात्याचा दांडा ज्या बुशमधून खाली येतो तिथले सील घट्ट बसत नसल्याने पाणी कपलरवर उतरते आणि तेथून मोटरच्या तोंडाशी जाते. आले-लसणाचे वाटण काढून जार उचलला की कपलरभोवती काळपट, तेलकट ओल दिसते आणि तीच ओल वाटणालाही लागलेली असते. असे वाटण स्वयंपाकात घेता येत नाही, आणि विजेवर चालणाऱ्या यंत्रात पाणी उतरणे धोक्याचे आहे हे आपणास वेगळे सांगायला नको.

मी तक्रार केल्यावर आपण दि. 17 मे रोजी विनातक्रार मिक्सर बदलून दिला, त्याबद्दल आभारी आहे. परंतु बदलून दिलेल्या मिक्सरचा जारही त्याच जागी गळतो. कंपनीच्या तंत्रज्ञाने घरी येऊन पाहणी केली आणि आपल्या कामाच्या पावतीवर ‘बुशमधून गळती, जार बदलावा’ असे स्वहस्ते लिहून दिले. त्यानंतर मी दालनात आले असता आपल्या विक्रेत्याने खात्री पटवण्यासाठी मांडणीतल्या त्याच मॉडेलच्या जारमध्ये पाणी ओतून दाखवले, तर काउंटरच्या काचेवर थेंब पडू लागले. त्या गृहस्थांचा हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे दोष एखाद्या नगापुरता नसून या मॉडेलच्या जारमध्येच असावा, असे मला वाटू लागले आहे.

म्हणूनच तिसरा मिक्सर किंवा नवा जार घेणे मला मान्य नाही. आपण सुचवलेले वरच्या किमतीचे मॉडेल रु. 1,800 जादा भरून घेण्याची माझी तयारी नाही, कारण सदोष मालाच्या बदल्यात ग्राहकाने आणखी पैसे मोजावेत हे योग्य नाही. दुकानात खर्च करण्याची जमा पावतीही नको. मला दुसरीकडून, जार स्वतः तपासून, मिक्सर घ्यायचा आहे.

बिलाच्या तळाशी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले आहे, आणि वॉरंटीसाठी कंपनीकडे जावे असेही मला तोंडी सांगण्यात आले. वॉरंटी कंपनीची असली तरी पैसे मी आपणास दिले आणि बिल आपण केले. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 2(47) नुसार, सदोष माल बिलात नमूद मुदतीत, आणि तशी मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन किंमत परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आपल्या बिलात अशी मुदत नाही. तीस दिवस अद्याप उलटलेले नाहीत, आणि हे पत्र त्या मुदतीत देत आहे. परतीच्या मालासाठी आपणास क्रेडिट नोट काढता येते, त्यामुळे भरलेल्या कराचा भुर्दंड आपल्यावर पडण्याचेही कारण नाही.

तरी रु. 5,490 ही संपूर्ण रक्कम, ज्या यूपीआय खात्यातून आली त्याच खात्यात, दि. 16 जूनपर्यंत जमा करावी, ही विनंती. मिक्सर, तिन्ही जार आणि मूळ खोके माझ्याकडे व्यवस्थित आहेत. आपला माणूस दुपारी चारनंतर कधीही येऊन माल ताब्यात घेऊ शकतो. मात्र माल नेताना दालनाच्या शिक्क्याची पोच द्यावी.

या मुदतीत रक्कम न मिळाल्यास मला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवावी लागेल आणि आवश्यकता भासल्यास कोल्हापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागेल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही, आणि आयोग किमतीसोबत नुकसानभरपाई व खर्चाचाही आदेश देऊ शकतो. आपल्याकडे आमच्या घरची खरेदी बऱ्याच वर्षांची आहे, म्हणून तिथवर जाण्याआधी हे पत्र लिहीत आहे.

या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच द्यावी.

आपली विश्वासू,
सुनंदा पाटील
शिवाजी पेठ, कोल्हापूर

सोबत : बिलाची छायाप्रत, यूपीआय व्यवहाराची प्रत, तंत्रज्ञाच्या पावतीची छायाप्रत, गळत्या जारची दोन छायाचित्रे.