रिटर्नसाठी राहिलेले कागद (आर्थिक वर्ष 2024-25)

ठाणे, 21 ऑगस्ट 2025

आदरणीय सावंतकाका,

स. न. वि. वि.

तुमची फाइल काल पुन्हा उघडली. पेन्शनचा फॉर्म 16 मिळाला आहे, त्यात काही अडचण नाही. सगळं अडलंय ते कळव्याच्या फ्लॅटपाशी.

ऑक्टोबर 2024 मध्ये तो 62 लाखांना विकलात, त्याचा करार माझ्याकडे आहे. पण 2009 च्या जूनमध्ये घेतलात तेव्हाचा मूळ करार, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीच्या पावत्या नाहीत. त्या वेळची किंमत 18.40 लाख हे तुम्ही फोनवर सांगितलंत; कागद हातात नसताना मी तो आकडा भरणार नाही. व्यवहार 23 जुलै 2024 नंतरचा असला तरी खरेदी आधीची असल्यामुळे तुम्हाला दोन्ही हिशेब करता येतात. सरळ नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी 5.45 लाख, तर इंडेक्सेशन धरून वीस टक्क्यांनी अंदाजे 3.37 लाख. म्हणजे दुसरा मार्ग आपला.

2014 च्या दिवाळीनंतर लाद्या आणि ओटा बदललात, 2.25 लाख गेले म्हणालात. त्या पावत्या सापडल्या तर कर आणखी 68 हजारांच्या आसपास कमी होईल, तेव्हा माळ्यावरची पेटी एकदा उतरवाच. रंगकामाची बिलं मात्र शोधू नका, ती चालत नाहीत.

खरेदीदाराने 1 टक्का टीडीएस कापलाय, 62 हजार. त्याचा फॉर्म 16बी त्याच्याकडून मागून घ्या. दलालीची पावतीही हवी. आणि जुन्या करारावर काकूंचं नाव आहे का, तेवढं आजच कळवा. काकूंनीही पैसे घातले असतील तर नफा दोघांत वाटला जाईल आणि त्यांचाही रिटर्न भरावा लागेल.

याशिवाय सहकारी बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट आणि एफडीच्या व्याजाचा दाखला. एआयएसमध्ये व्याज दिसतंय, पण तुमच्या डायरीतल्या आकड्याशी जुळत नाही.

नवं घर घेण्याचा विचार पक्का असेल तर लगेच बोला. ती सवलत हवी असेल तर न वापरलेली रक्कम 15 सप्टेंबरच्या आत बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात ठेवावी लागते, नंतर हातात काही राहत नाही. रिटर्नची शेवटची तारीखही तीच. चुकली तर 5 हजार रुपये लेट फी आणि राहिलेल्या करावर दरमहा 1 टक्का व्याज.

27 तारखेला गणपती बसतायत. तुम्ही कोकणात गेलात की अनंत चतुर्दशीपर्यंत, म्हणजे 6 सप्टेंबरपर्यंत, परतणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून सोमवारी 25 ला सकाळी अकरापर्यंत नौपाड्याच्या ऑफिसात झेरॉक्स घेऊन या. मूळ कागदही आणा, बघून लगेच परत देते. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलात तरी चालेल, फक्त मागच्या वेळेसारखे अर्धे कापलेले नकोत.

काकूंना नमस्कार.

आपली,
मेधा