प्रमोदले पाठवायचा मेसेज, दुसऱ्यांदा लिवलेला

आधी लिवलेला, पाठवला नाई:

"प्रमोद, तुह्यं नेहमीचंच आहे. किती खेपा सांगू? बुधवारी 6 म्हणजे 6. तुले दुसऱ्याच्या वेळेची काही किंमतच नाई. या वेळी उशीर केला तर पुढं आपलं जमत नाई, सांगून ठेवतो."

हा पुसून टाकला. हे वाचून त्याले माह्या राग कळला असता, पण मंगळवारी नेमकं काय करायचं ते कळलं नसतं. आता हा पाठवतो:

"प्रमोद, राम राम. फोनवर आपलं बोलणं पीकपाण्यावर जाते अन् मुद्दा तसाच रायते, म्हणून लिवतो. सवडीनं वाच, पण उत्तर आजच दे.

बुधवारी आपल्या दोघांचाही हिंगणघाटले कापूस विकायचा स्लॉट आहे. गाडी एक, भाडं 2400, अर्धं-अर्धं. गाडीवाल्याले दुपारी 1 नंतर दुसरं भाडं आहे, तो थांबत नाई.

मागच्या खेपेले 6 चं ठरलं अन् आपण 8 ले निघालो. तुह्या कापूस सकाळी दवात भरावा लागला. मापाले ओलावा 10 टक्के निघाला. 8110 चा भाव 8 टक्क्यांपर्यंतच भेटते, त्याच्या वर टक्क्यामागं टक्का कापतेत. क्विंटलमागं तुह्ये 160 च्या वर गेले. वर्षभर पऱ्हाटीत राबून शेवटी दवात पैसा जावा, हे मले तिथं उभं राहून पाहवलं नाई.

माह्यं काय झालं ते तुले माहीत नसन. त्या हप्त्यात आमच्या फीडरवर दिवसाची लाइन होती. 2 ले वावरात पोचायचं होतं, साडेचारले पोचलो, तवा लाइन जायची वेळ झाली होती. हरभरा फुलावर होता, अर्धं वावर कोरडंच रायलं. दुसऱ्या दिवशी गडी लावून ओलीत पुरं केलं. त्याचे पैसे मी मागत नाई. फक्त दोन तास मागं गेले का माह्याकडं काय होते, ते तुले दिसावं.

तू हयगय करतं असं मी म्हणत नाई. साडेपाचले म्हशी, मग डेअरीवर दूध, मग पोरीले एसटीवर सोडणं. तुह्यी सकाळ मी रोज रस्त्यानं पाहतो, त्यात 6 ची गाडी बसतच नाई. तवा मले बरं वाटावं म्हणून 6 ले 'हो' म्हणू नको. तुले जमन तीच वेळ सांग. 7 म्हणशील तर गाडीवाल्याले 7 चं सांगतो, साडेसात म्हणशील तर साडेसातचं. त्याच्या पुढं मात्र गेलं तर 1 च्या आत दोघांचं माप होणं कठीण आहे. मले साडेसात चालते. 6 ठरवून 8 होणं चालत नाई.

दुसरं, कापूस मंगळवारी दिवस बुडायच्या आत गाडीत भरू. गाडी 4 ले तुह्या दारात लावतो, मी अन् लहान भाऊ दोघंही येतो. आधी तुह्या भरू, मग माह्या. वरून ताडपत्री बांधून टाकू, म्हणजे दवाचा प्रश्न नाई अन् सकाळी तुले फक्त गाडीत बसायचं रायते.

तिसरं, पहाटे म्हैस अडली, पोरीले ताप आला, असं काही झालं तर निघायच्या आधी एक फोन कर. उचललाच समज. फोन नसन तर गाडी ठरल्या वेळेनंतर 15 मिनिटं थांबन अन् निघन. तुह्या कापूस गाडीतच राहीन, तो काही खाली उतरवत नाई. तू मागून मोटरसायकलनं ये. मापाच्या वेळेले तुह्यं आधार अन् तू, दोन्ही तिथं लागतेत. हाच नियम मलेही आहे. मी 15 मिनिटांत आलो नाई तर गाडी घेऊन निघून जाय, मी मागून येतो, एक शब्द बोलणार नाई.

यातलं काही तुले जड जात असन तर तसं लिव, आपण बदलू. एकटा जाऊन पूर्ण भाडं भरणं मले परवडत नाई अन् तुलेही नाई, अन् तुह्यासंगं जायलेच मले बरं वाटते.

उत्तरात लांब लिवायची गरज नाई, फक्त वेळ टाक. मी रात्री 9 च्या आत गाडीवाल्याले फोन करतो. वहिनीले सांगजो, मंगळवारचा चहा आम्हा दोघा भावांचा तुमच्याकडंच आहे."