सविता, उद्या अक्षता

प्रिय सविता,

भोगीच्या, संक्रांतीच्या आणि आपल्या सिद्धरामांच्या गड्डा यात्रेच्या तुला, जावईबापूंना, लेकीला आणि त्या सव्वा महिन्याच्या छोट्या नातीला मनापासून शुभेच्छा.

तीन वर्षांपूर्वी मी तुला पतंगाचं चित्र पाठवलं होतं. पाच मिनिटांत तुझा फोन आला, "नसीम, हे मला सकाळपासून सोळा जणांनी पाठवलंय. तू दोन ओळी लिही." तेव्हापासून मी लिहिते. यंदा दोन ओळींत भागणार नाही. तुझं लग्न झालं त्या वर्षीसुद्धा तू माहेरी आली होतीस. तू सोलापुरात नाहीस आणि नंदीध्वजाच्या काठ्या निघणार, असं पहिल्यांदाच होतंय.

आज बारा तारीख. सकाळी मुलींना घेऊन चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गेले होते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना एकाच दिवशी फाशी दिली, हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी तिथं माझा आवाज अडकतो. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आजच अडुसष्ट लिंगांना काठ्या जातात ना? मग आजोबा आधी इथं हार घालून तिकडं जातात." मी तिला जवळ घेतलं. तुझे अप्पाही असंच करायचे. सकाळी पुतळ्याला हार, मग बाराबंदी घालून हिरेहब्बूंच्या वाड्याकडं. त्या मुलीला मी अप्पांबद्दल सांगितलं.

संध्याकाळी तुझा भाचा येऊन गेला. दिवाळीपासून रात्री सराव करत होता, खांदे सुजले होते, आणि आज पहिल्यांदा पांढऱ्या बाराबंदीत दारात उभा राहिला तेव्हा मला क्षणभर तुझा दादाच वाटला. "मावशी, उद्या वेशीत काठी आली की मला हाक मारू नको, तोल जाईल," म्हणाला. मी म्हटलं, नाही मारणार, नुसती बघेन. जाताना त्यानं वाकून नमस्कार केला. तुमच्या घरात हे कुणी शिकवत नाही, आपोआप येतं.

तुला आठवतं का, आपण तिसरीत होतो, तुझ्या अव्वांनी मला संमती कट्ट्यापाशी नेलं होतं. एवढी गर्दी की मला फक्त पाठी दिसत होत्या. अव्वांनी तुझ्या मुठीत अक्षता दिल्या, मग माझ्या मुठीत दिल्या, आणि कुंभाराच्या लेकीची गोष्ट सांगितली. तिला सिद्धरामांशीच लग्न करायचं होतं, आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून दिलं. "सत्यम्, सत्यम्" सुरू झालं, सगळ्यांचे हात वर गेले, आणि माझी मूठ तशीच मिटलेली. टाकावी की नाही तेच कळेना. घरी येऊन अम्मीला मूठ उघडून दाखवली. घामानं तांदूळ चिकटले होते. अम्मी रागावली नाही. म्हणाली, "शेजारच्या घरचं लग्न आहे. लग्नाला गेलीस तर लग्नातल्यासारखं वागायचं. नमाज आपली आपण पढायची, आणि शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न आपलं समजायचं."

सविता, तुला शुभेच्छा देताना मला हेच म्हणायचं असतं. मी तुमची पूजा करत नाही, आणि तू कधी कर म्हणाली नाहीस. पण सात काठ्या विजापूर वेशीतून जातात, बाशिंग बांधलेल्या, खोबऱ्याचे हार घातलेल्या, तेव्हा मी गॅलरीत तमाशा बघायला उभी नसते. आमच्या दारावरून वरात जात असते. अम्मी होती तोवर ती पाण्याचा हंडा भरून दाराशी ठेवायची. आता मी ठेवते. उद्याही ठेवणार आहे.

आणि तूही माझ्या घरात अशीच वागत आलीस. रमजानात शाळेत तू डबा घेऊन प्रयोगशाळेत जाऊन जेवायचीस. मी चारदा सांगितलं की मला त्रास होत नाही, समोर बस. तू म्हणालीस, "तुला होत नसेल, मला घास उतरत नाही." ते मी कधी विसरणार नाही. अम्मी गेली तेव्हा चाळीस दिवस तू रोज संध्याकाळी येऊन बसलीस, काही न बोलता. तुला आमच्यातलं सगळं माहीत नव्हतं, तू विचारून घेतलंस. मीही विचारूनच घेते. म्हणून आपलं बरं चाललंय.

आज रात्रीच्या गाडीनं तुझ्या दादाच्या ओळखीच्या माणसाबरोबर एक पिशवी पाठवली आहे. सकाळी स्वारगेटला जावईबापूंना घ्यायला सांग. त्यात कडक भाकरी आहेत, बाजरीच्या, तीळ लावून, दोन डझन. शेंगाचटणी उखळात कुटलेली आहे, मिक्सरची नाही. शेंगापोळ्या आठ, आधी त्या संपव. तिळाचे लाडू मी नव्या पातेल्यात केले. ते पातेलं आमच्याकडं वेगळंच ठेवलंय, तुमच्याकडं जे जायचं ते त्यातच होतं. तू कधी मागितलं नाहीस. विहीणबाईंनाही निःशंकपणे दे. लेकीला मात्र लाडू एकच दे, अंगावर पाजतेय. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली लाल काठाची काळी चंद्रकळा तुझ्यासाठी आहे. माझीच आहे, दोनदा नेसलेली. तुला माझ्या साड्या आवडतात म्हणून नवी घेतली नाही.

नातीच्या बोरन्हाणाला अजून अवकाश आहे, रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं असं तूच म्हणाली होतीस. तारीख ठरली की दोन दिवस आधी सांग. बोरं आणि हलव्याचे दागिने मी इकडून घेऊन येते. होम मैदानावर गड्डा भरलाय, पाळणे लागलेत, तिथं हलव्याच्या दागिन्यांचं दुकान दरवर्षी असतं. मुकुट घेऊ की बाजूबंदसुद्धा? तिच्या डोक्याचं माप पाठव.

परवा रात्री होम झाला की वासराची भाकणूक काय निघाली ते तुला कळवतेच. गेल्या वेळी तू पावसाचं विचारलंस आणि मला लक्षात नव्हतं. यंदा तुझ्या दादाला लिहून द्यायला सांगितलंय.

तुझ्या अव्वांना आज भेटून आले. गुडघे दुखतात, पण उद्या खुर्ची टाकून वेशीत आमच्या दारात बसायचं म्हणतायत. मीच म्हटलं, या. सकाळी नातवाची काठी त्यांना जवळून दिसेल, तिकडच्या गर्दीत जायला नको. त्यांच्यासाठी ताक करून ठेवते.

तिळगूळ घे, गोड बोल. तू तर गोडच बोलतेस, म्हणून मला एवढी आठवण येते.

उद्या काठ्या वेशीत आल्या की व्हिडिओ कॉल करते. फोन अव्वांच्या हातात देईन. "एकदा भक्तलिंग हर्र" ऐकू आलं की नातीला जवळ घेऊन बस. आवाजानं दचकेल, छातीशी धर.

तुझी,
नसीम