उण्यातले गाव : एका ओळीच्या कविता

भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याआधीच्या काही वर्षांत नदीकाठची जी गावे उठली, त्यांत आमचेही होते, आणि मी तेव्हा तिसरीत होतो. आमच्या घरात या गावाची गोष्ट कोणीही सलग सांगितली नाही. भाकरी थापता थापता आई एखादे वाक्य बोलायची आणि पुढची भाकरी तव्यावर टाकायची. वडील शेतावरून येऊन पाय धुताना एक वाक्य बोलायचे आणि टॉवेल मागायचे. त्या वाक्याला मागेपुढे काही नसायचे, पण ऐकणाऱ्याला अंगण, माणसे आणि दिवसाची वेळ सगळे दिसायचे. या कविता त्याच मापाच्या आहेत. प्रत्येक कविता एका ओळीची, एका वाक्याची आणि एकाच प्रसंगाची आहे. त्यांतली कोणतीही एक वाचून पान मिटले तरी तिचे काही अडू नये, अशी माझी इच्छा आहे. पानाच्या रुंदीमुळे ओळ मोडलेली दिसेल, पण म्हणताना ती एकच आहे. कवितांना शीर्षके दिलेली नाहीत, कारण शीर्षक दिले की ती दुसरी ओळ होते.

*

मोजणीच्या माणसाने आमच्या उंबऱ्यावर लाल रंगाने आकडा घालायला कुंचला टेकवला, तेव्हा आजी त्याला म्हणाली की तिथे आम्ही हळदीकुंकू वाहतो, जरा बाजूला लिहा.

मास्तरांनी त्या दिवशीही हजेरी घेतली, सतरा नावांना उत्तर आले नाही, आणि अठरावे नाव माझे होते म्हणून मी इतक्या मोठ्याने ‘हजर’ म्हणालो की खिडकीतले पारवे उडाले.

मोबदल्याच्या कागदावर अंगठा उठवून आलेल्या चुलत्याने शाई पुसली नाही, धुतली नाही, आणि तो अंगठा तळहातात मुडपून उरलेल्या चार बोटांनी तो जेवला.

छप्पर उतरल्यावर वडिलांनी तुळया, दाराची चौकट, दोन खिडक्या आणि भिंतीतल्या खुंट्यासुद्धा मोजून बैलगाडीत भरल्या, आणि घर असे रस्त्याने निघालेले पाहूनही कुत्रे उघड्या भिंतींपाशीच बसून राहिले.

जात्याची वरची तळी गाडीत चढली, खालची जमिनीतून निघाली नाही.

गाव सोडायच्या पहाटे आईने आडातून शेवटची घागर शेंदली आणि निम्मी परत आडात ओतली.

*

उंबऱ्याची ती ओळ मी आधी आजीच्या रडण्यावर संपवली होती. कित्येक महिने ती तशीच वहीत राहिली, आणि प्रत्येक वेळी वाचताना शेवटच्या दोन शब्दांपाशी माझी जीभ अडखळायची. आजी त्या दिवशी रडली नव्हती. तिने त्या माणसाला चहा विचारला होता, त्याने तो घेतला, बशी स्वतःच विसळून ठेवली आणि आकडा चौकटीच्या उजव्या बाजूला, हातभर उंचीवर लिहिला. रडणे माझे होते, ते मी तिच्या नावावर टाकले होते. ते काढून टाकल्यावर ओळ जिथे थांबली, तिथेच तिला थांबू दिले.

*

पाणी लोंढ्याने आले नाही, ते नांगरटीच्या तासांतून एकेक तास भरत आले, संध्याकाळी बांधाला टेकले आणि आम्ही झोपलो असताना पलीकडे गेले.

म्हसोबाचा शेंदूर सुटला आणि दोन दिवस काठाला लाट तांबडी येत राहिली.

नव्या गावठाणात घरांना नंबर होते आणि शेजार नव्हता, म्हणून वाटीभर पीठ उसने मागायला आजी पहिल्याच दिवशी चार गल्ल्या ओलांडून आपल्या जुन्या शेजारणीकडे गेली.

बैल सोडला की तो रोज संध्याकाळी उतारावरून पाण्यापर्यंत जायचा, पुढचे दोन पाय पाण्यात ठेवून थांबायचा आणि वडिलांनी कासरा न ओढता नुसता हातात धरला की परत फिरायचा.

पळसनाथाच्या शिखराचे टोक तेवढे पाण्यावर आहे, त्यावर पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला आहे, आणि खालून जाणारा नावाडी वल्हे मांडीवर ठेवून, हात जोडून, वल्हे पुन्हा उचलतो.

पहाटे ओढलेल्या जाळ्यात अकरा चिलापी, एक मरळ आणि कोणाच्या तरी देवळीतली पणती आली.

भिगवणच्या बाजारात लिलाव पुकारणारा कटल्यांच्या ढिगावर पाणी शिंपडत भाव वर नेतो आहे, आणि ज्याची अख्खी रात्र त्या ढिगात आहे तो मागे उकिडवा बसून न पेटवलेली बिडी दोन बोटांत फिरवतो आहे.

डिकसळच्या जुन्या रेल्वेपुलावरचे रूळ कधीच गेले, तरी रेल्वेतून निवृत्त झालेला एक म्हातारा सायकलवरून उतरून दोन्ही बाजूंना पाहतो, कान देतो आणि मगच पुलावर पाऊल टाकतो.

जानेवारीच्या धुक्यात कुंभारगावच्या काठाला रोहित पक्षी माना वाकवून, चोची उलट्या धरून चिखल गाळत उभे आहेत, आणि पाहुण्यांच्या होडीतली एक लहान मुलगी भावाच्या कानात सांगते आहे की त्यांचे काहीतरी हरवले आहे, तू बोलू नकोस.

हे हंस हिमालय ओलांडून आले असे सांगताना होडीवाल्याचा हात नकळत उत्तरेकडे उचलला गेला आणि होडी थोडी वळली.

आषाढीसाठी उजनीतून पाणी सुटले, आणि पंढरपूरला चंद्रभागेत गुडघाभर उभी असलेली आत्या पहिली ओंजळ डोक्यावर घेताना म्हणाली, आपल्या शेतावरून आले आहे.

*

पुढच्या ओळी वाचण्याआधी धरणाच्या हिशेबातला एक शब्द माहीत असावा. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते आणि त्यातले ६३ टीएमसीहून अधिक हा मृतसाठा धरला जातो. टक्केवारी मोजतात ती मृतसाठ्याच्या वरच्या पाण्याची. त्यामुळे ‘उजनी शून्य टक्के’ अशी बातमी येते, तेव्हाही धरणात निम्म्याहून अधिक पाणी असते, आणि त्याच्या तळाशी आमची घरे असतात. त्याहूनही पाणी उतरले तर धरण उणे झाले असे म्हणतात. बोलताना आमच्याकडे सगळे ‘मायनस’च म्हणतात. जिल्ह्याला त्या शब्दाची धास्ती असते, आणि ती खरीच आहे, कारण सोलापूर शहराचे पिणे आणि हजारो एकरांचा ऊस त्या आकड्यावर उभा आहे. आमच्या घरात मात्र तो आकडा वाढू लागला की म्हातारी माणसे दारात येऊन बसतात. २०१३चा उन्हाळा तसा होता. दुष्काळाने लोक होरपळत असताना आपल्याला काहीतरी परत मिळते आहे, ही गोष्ट बोलून दाखवणे आम्हांला जड जात होते. खालच्या ओळी त्या उन्हाळ्यातल्या आहेत.

*

वर्तमानपत्रातली उण्याची बातमी मोठ्याने वाचून दाखवल्यावर आजीने चष्मा पुसला, काठी जवळ ओढली आणि विचारले, एसटी किती वाजता आहे.

पाणी मागे सरेल तसा पाइपाचा एकेक तुकडा जोडत चुलतभाऊ मोटर पुढे पुढे नेत गेला, आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने ती आजोबांच्या अंगणात बसवली.

भेगाळलेल्या गाळात कुठलीही खूण नसताना आई तीनदा वळली, थांबली आणि पायाने माती बाजूला सारली, तर उखळाचा काठ लागला.

शाळेच्या जोत्यावर चार म्हातारे आपापल्या जागेवर जाऊन बसले आणि मधली एक जागा कोणी घेतली नाही.

पळसनाथाच्या मंडपात तरुण मुले खांबांना टेकून एकमेकांचे फोटो काढत होती, आणि गाभाऱ्यातल्या ओलीतून बाहेर आलेल्या बाईच्या पावलांचे ठसे तिच्या मागे दगडावर एकेक करून वाळत गेले.

उघड्या पडलेल्या नदीपात्रात एका धनगराच्या मेंढ्या हरळीचे पहिले कोंब खुडत आमच्या माजघरातून शेजाऱ्याच्या परसात गेल्या आणि मध्ये कुठेही थांबल्या नाहीत, कारण भिंत नव्हती.

जात्याच्या खालच्या तळीवरचा गाळ पदराने पुसून आजीने हवेतच खुंटा धरला आणि एक ओवी पुरी होईपर्यंत हात गोल फिरवला.

इथे माजघर, इथे बाळंतिणीची खोली, इथे तुझा बाबा जन्मला, असे म्हणत आत्या गाळात काडीने रेघा ओढत गेली, आणि ती बोलायची थांबल्यावर माझी मुलगी, जी पुण्यात चौथ्या मजल्यावर वाढली, रेघ न ओलांडता वळसा घालून दारापर्यंत आली, चपला बाहेर काढल्या आणि आत आली.

गवंड्याने नव्या घरासाठी जुन्या पायातले चार दगड ट्रॅक्टरमध्ये टाकले, तेव्हा वडिलांनी त्यांतला एक उतरवून घेतला, पूर्वी होता त्याच तोंडाने परत बसवला आणि हात झटकले.

आमच्या आकाशात ढगही नव्हता, पण वर भीमाशंकराकडे पाऊस लागला होता, आणि सायंकाळपर्यंत जोत्याची खालची पायरी भिजली.